फोनचं व्हीपीएन पीएस ५ पर्यंत का पोचत नाही

प्रश्न: "कोल्हापुरात राहतो, घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. हॉलमध्ये पीएस ५ आणि एक टीव्ही बॉक्स. व्हीपीएन विकत घेतलं, फोनवर मस्त चालतं. पण फोनचा हॉटस्पॉट करून दोन्ही जोडले तर बॉक्सच्या ब्राउझरमध्ये पत्ता सिमकार्डच्या कंपनीचाच दिसतो. राउटरमध्ये व्हीपीएन नावाचा मेनू आहे, पण त्यात मला मिळालेली माहिती टाकायला जागाच नाही. रात्री दहानंतर गेम लॅग होतो म्हणून हा खटाटोप. कुठं चुकतंय दादा?"

भावा, तुझं काही चुकलेलं नाही. फोन जसा वागायचा तसाच वागतोय.

तुझ्या यंत्रापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जी बंद वाट बांधली जाते, तो टनेल. तो ज्या यंत्रावर उघडतो, त्याच यंत्राच्या कामाचा असतो. फोनमध्ये अ‍ॅप चालू केलंस की फोनमधल्या अ‍ॅप्सचा सगळा डेटा टनेलमधून जातो. हॉटस्पॉटवर जोडलेला पीएस ५ हा फोनच्या दृष्टीने पाहुणा. त्याचा डेटा अँड्रॉइड टनेलला हातही न लावता थेट सिमच्या वाटेनं बाहेर काढतं. आयफोनचंही तेच. रूट केलेल्या फोनवर यातून वाट काढता येते, पण त्यासाठी रोजचा फोन रूट करून बँकेची अ‍ॅप्स बंद पाडून घेऊ नकोस.

राउटरच्या मेनूचं म्हणशील तर तिथं शब्दाचा घोळ आहे. `VPN Server` असं लिहिलं असेल, तर ते बाहेरून आपल्या घरात शिरण्यासाठी असतं. `VPN Passthrough` ही नुसती टिक असते. घरातल्या दुसऱ्या कुणी टनेल उघडला तर अडवू नकोस, एवढंच ती राउटरला सांगते. तुला हवं ते `VPN Client`, आणि कंपनीने कनेक्शनबरोबर दिलेल्या डब्यात ते मला आजवर क्वचितच दिसलंय. त्या डब्यात दुसरं फर्मवेअर घालायच्या भानगडीतही पडू नकोस. लाईन त्याच्यावरच लॉगिन झालेली असते, तो बसला की नेट बसलं.

म्हणजे पीएस ५ आणि कंपनीच्या डब्याच्या मध्ये असं एक यंत्र हवं, जे स्वतः टनेल उघडेल आणि पाहुण्यांनाही त्यातून नेईल. आजच्या रात्रीपुरता लॅपटॉप, कायमचा एक छोटा राउटर. टीव्ही बॉक्स अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या स्टोअरमधून व्हीपीएनचं अ‍ॅप सरळ त्याच्यातच टाक, त्याच्यासाठी एवढं करायची गरज नाही. ॲपल टीव्हीवरही २०२३ च्या टीव्हीओएस १७ पासून तशी अ‍ॅप्स चालतात. पीएस ५, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच यांच्यात मात्र ती सोयच नाही.

राउटर घ्यायला धावायच्या आधी लॅपटॉपवर करून बघ. फुकटात होतं, आणि व्हीपीएनने तुझा लॅग जाणार की नाही तेही कळतं. लॅपटॉपला नेट वाय-फायने घे आणि त्याच्या लॅन पोर्टमधून केबल पीएस ५ ला लाव. बरेच जण विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करतात. त्यानेही जमतं, पण एकाच वाय-फाय कार्डाने घ्यायचं आणि त्यानेच द्यायचं, त्यात वेग पडतो. केबल बरी.

व्हीपीएन जोड, मग विंडोज आणि R दाबून `ncpa.cpl` टाइप कर. नेटवर्कची यादी उघडेल. त्यात व्हीपीएनचं अ‍ॅडॉप्टर शोध. टनेल ओपनव्हीपीएन पद्धतीचा असेल तर त्याच्याखाली बहुधा `TAP-Windows` असं काही लिहिलेलं असतं, वायरगार्ड पद्धतीचा असेल तर टनेलचं नाव दिसतं. त्यावर राइट क्लिक, `Properties`, मग `Sharing`, पहिली टिक कर आणि खालच्या यादीतून `Ethernet` निवड. इथं बहुतेक जण सवयीने वाय-फायचं अ‍ॅडॉप्टर शेअर करतात. मग पीएस ५ ला नेट मिळतं, पण टनेलच्या बाहेरून, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. शेअर व्हीपीएनचं करायचं आणि द्यायचं इथरनेटला.

आता पीएस ५ वर `Settings`, `Network` मध्ये जाऊन वायरचं कनेक्शन लाव आणि `View Connection Status` बघ. आयपी `192.168.137` ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने त्याला पदरात घेतलं. आयपी मिळाला पण नेट नाही, असं झालं तर संशय व्हीपीएन अ‍ॅपच्या किल स्विचवर घे. टनेलबाहेरचं सगळं अडवणं हेच त्याचं काम, त्यात तुझा पीएस ५ ही अडकतो. अ‍ॅपमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देणारी सेटिंग असते, ती चालू कर. वायरगार्डचं मूळ विंडोज अ‍ॅप वापरत असशील तर टनेल एडिट करून खालची `Block untunneled traffic` ही टिक काढ. आणखी एक त्रास सांगून ठेवतो. लॅपटॉप रीस्टार्ट झाला किंवा टनेल पडून परत उठला, की शेअरिंगची टिक दिसते पण काम करत नाही. ती काढून, ओके करून, परत लावावी लागते. म्हणूनच हा उपाय कायमचा नाही म्हणतो.

आता लॅगचं. रात्री दहानंतर, व्हीपीएन बंद ठेवून, लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. एकात घरच्या राउटरला पिंग लाव, दुसऱ्यात बाहेर. राउटरचा पत्ता `ipconfig` च्या `Default Gateway` समोर दिसेल, तोच टाक:

```
ping -n 100 192.168.29.1
ping -n 100 1.1.1.1
```

पहिल्या खिडकीतच मिलिसेकंदांचे आकडे २ वरून ८०-१०० वर उड्या मारत असतील, तर दोष घरातल्या वाय-फायचा. पीएस ५ ला थेट राउटरवरून केबल लाव आणि व्हीपीएनचे पैसे वाचव. मी जातो त्यातल्या कितीतरी घरांत एवढंच निघतं. पहिली खिडकी शांत आणि दुसरी उड्या मारतेय, तर लाईन पुढे कुठंतरी तुंबतेय. तेव्हाच व्हीपीएनला अर्थ आहे, कारण तो डेटा वेगळ्या वाटेनं नेऊ शकतो. 'शकतो' म्हणालो, 'नेतोच' नाही. तुंबलेली जागा कंपनीच्या कोल्हापुरातल्याच उपकरणात असेल तर टनेलही तिथूनच जाणार, तिथं व्हीपीएन काय करणार?

यात सर्व्हर कुठला निवडतोस यालाही महत्त्व आहे. अ‍ॅपमध्ये 'इंडिया' दिसलं म्हणून तो मुंबईत असेल असं धरू नकोस. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन, तिने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. पत्ता भारताचा देतात, यंत्र सिंगापूरला किंवा आणखी लांब असतं. मुंबई ते सिंगापूर जाऊन यायलाच साधारण ६० मिलिसेकंद लागतात. म्हणजे गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर तुझी गोळी कोल्हापूरहून सिंगापूरला जाऊन मुंबईत पोचणार. उलट गेमचा सर्व्हरच सिंगापूरचा असेल तर हाच व्हीपीएन फायद्याचा ठरू शकतो. म्हणून लॅपटॉपच्या शेअरिंगवर दोन रात्री खेळून बघ, आकडे कागदावर लिही, मग ठरव.

पटलं तर पुढचं. बाजारात आता तळहातावर मावतील असे छोटे राउटर मिळतात, त्यांच्यात वायरगार्डचा क्लायंट तयारच असतो. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं फर्मवेअर चढवूनही जमतं. व्हीपीएन कंपनी वायरगार्डची फाइल देते का ते आधी बघ. नुसतं ओपनव्हीपीएन मिळत असेल तर छोट्या राउटरचा जीव जातो, कारण त्याच्या साध्या प्रोसेसरला ते सांकेतिकीकरण झेपत नाही. माझ्याकडच्या एका जुन्या राउटरवर १०० च्या लाईनीतून ओपनव्हीपीएनने १२ एमबीपीएस मिळायचे, वायरगार्डने त्याच राउटरवर ७० च्या आसपास. ४के व्हिडिओला नेटफ्लिक्स १५ मागतं, म्हणजे १२ वर चित्र मऊ पडणार.

राजारामपुरीतल्या एका घराची गोष्ट सांगतो, म्हणजे क्रम कळेल. तिथं दोन भाऊ, एक पीएस ५, एक टीव्ही बॉक्स, आणि आईचा फोन ज्याला काही झालेलं चालणार नव्हतं. कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टातून केबल काढून ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरच्या वॅन पोर्टात लावली. पहिली अडचण तिथंच आली. दोन्ही डबे स्वतःला `192.168.1.1` म्हणवत होते. दोघांचा पत्ता एकच असला की आतला राउटर बाहेरची वाट घरातच शोधत बसतो. आतल्याचा पत्ता `192.168.50.1` केला. मग वायरगार्डची फाइल चढवली, ती अशी दिसते:

```
[Interface]
PrivateKey = (तुझी खासगी की)
Address = 10.2.0.2/32
DNS = 10.2.0.1

[Peer]
PublicKey = (सर्व्हरची की)
AllowedIPs = 0.0.0.0/0
Endpoint = (सर्व्हरचा पत्ता):51820
PersistentKeepalive = 25
```

यातली खासगी की म्हणजे घराची किल्ली. मदत मागताना लोक सगळ्या फाइलचा फोटो टाकतात, तसं करू नकोस.

टनेल उठला. माझा फोन नव्या वाय-फायवर घेऊन पत्ता बघितला, व्हीपीएनचा. चहा आला, मी पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात धाकटा म्हणाला, बॉक्सवर अजून जुनंच दिसतंय. बघतो तर खरंच. फाइलमधली `AllowedIPs` ची ओळ बघ, तिथं फक्त आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत. त्या घरच्या लाईनीवर नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ ही येत होतं, आणि कंपनीच्या डब्याने त्याचा एक पट्टा माझ्या राउटरलाही दिला होता. बॉक्स मिळेल तिथं आयपीव्ही६ आधी धरत होता, आणि त्याला टनेल लागूच नव्हता. पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार सताड उघडं. माझ्या फोनने कसं फसवलं? मी जी साइट उघडली ती फक्त आयपीव्ही४ वाली होती. तेव्हापासून मी `ipleak.net` उघडतो, तिथं दोन्ही पत्ते आणि डीएनएस एकदम दिसतात. तपासताना फोनचा मोबाइल डेटा आणि फोनमधलं व्हीपीएन दोन्ही बंद ठेव, नाहीतर फोन स्वतःचीच फुशारकी दाखवेल.

उपाय दोन ठिकाणी केला. `Network`, `Interfaces`, `lan` च्या `DHCP Server` मध्ये `IPv6 Settings` खाली `RA-Service` आणि `DHCPv6-Service` दोन्ही `disabled` केले. मग `Network`, `Firewall` मध्ये टनेलसाठी `vpn` नावाचा वेगळा झोन केला आणि त्यावर `Masquerading` व `MSS clamping` या टिका केल्या. `lan` ला पुढे `wan` कडे जायची जी परवानगी आपोआप असते, ती काढून फक्त `vpn` ची ठेवली. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. टनेल पडला तर पीएस ५ गुपचूप उघड्या वाटेनं जात नाही, त्याचं नेटच बंद होतं. ते मुद्दाम करून बघ. राउटरवर टनेल थांबव. पीएस ५ चं नेट गेलं पाहिजे. चालू राहिलं तर कुठंतरी गळतंय.

दुसऱ्या दिवशी मोठ्याचा फोन. पीएस ५ ची नेट टेस्ट पास होते, लॉगिन होतं, पण स्टोअरमधली चित्रं गोल फिरत राहतात. हे ऐकलं की मी एमटीयू बघतो. एका पाकिटात किती बाइट मावतात, त्याचा हा आकडा. साध्या लाईनीवर १५००. लाईन पीपीपीओई असेल, म्हणजे कंपनीच्या डब्यात युजरनेम-पासवर्डने लॉगिन होत असेल, तर ८ त्यातच जातात, उरतात १४९२. वायरगार्डचं वेष्टन जास्तीत जास्त ८० खातं, म्हणून उरतात १४१२. वायरगार्ड मात्र बहुतेक वेळा १४२० धरून चालतं. आठ बाइटचाच फरक, पण टनेल सर्व्हरला आयपीव्ही६ वरून जोडला असेल तर मोठी पाकिटं दारात अडकतात आणि छोटी निघून जातात. म्हणून लॉगिन होतं आणि चित्रं येत नाहीत. तुझी लाईन कुठली ते ओळखायला लॅपटॉप जुन्या वाय-फायवर घेऊन, व्हीपीएन बंद ठेवून, हे दोन चालव:

```
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
```

पहिला अडला आणि दुसरा गेला, तर लाईन १४९२ ची, कारण या आकड्यांत पाकिटाचे स्वतःचे २८ मिळवायचे असतात. राउटरच्या वायरगार्ड सेटिंगमध्ये `MTU` समोर १४१२ टाक. तरी अडखळलं तर १३८०. राजारामपुरीत १४१२ टाकलं आणि स्टोअर उघडलं.

आणखी एक त्रास आपल्याकडे हटकून होतो, तो लाईट गेल्यावर. छोट्या राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो. लाईट आली की तो जुनीच कुठलीतरी वेळ धरून उठतो. वायरगार्डच्या प्रत्येक हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो, आणि आधीच्यापेक्षा मागची वेळ आली की सर्व्हर ते सरळ टाकून देतो, कुणीतरी जुनी पाकिटं परत पाठवतोय असं समजून. राउटर वेळ दुरुस्त करायला नेटवर जाऊ बघतो, तर त्याची वाटही टनेलमधूनच. दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. ओळखायचं असं: राउटरवर `wg show` चालव. `latest handshake` ही ओळच नसेल आणि राउटरच्या पहिल्या पानावर तारीख मागची दिसत असेल, तर हेच. टनेल थांबव, मिनिटभरात घड्याळ जुळेल, परत चालू कर. कायमचं करायचं तर मिनी यूपीएस घे. फक्त घेताना बघ, कंपनीचा डबा बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि हे छोटे राउटर बऱ्याचदा ५ व्होल्टचे. दोन्ही तोंडं असलेला यूपीएस मिळतो. चुकून १२ चं तोंड ५ च्या राउटरला लावून मी एक राउटर जाळलाय.

दोन गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्यांची हमी मी देत नाही. पहिली, मित्रांबरोबरचा आवाज. पीएस ५ आता कंपनीचा डबा, तुझा राउटर आणि व्हीपीएनचा सर्व्हर अशा तीन नॅटच्या, म्हणजे पत्ता बदलून देणाऱ्या दारांच्या, आड बसतो. नेट टेस्टमध्ये `NAT Type` `Type 2` चा `Type 3` झालेला दिसला की पार्टी चॅट तुटायला लागतं. व्हीपीएन कंपनी पोर्ट फॉरवर्डिंग देत नसेल तर त्यावर उपाय नाही. अशा वेळी पीएस ५ मध्ये दोन्ही वाय-फाय सेव्ह करून ठेव, चॅटच्या दिवशी जुन्यावर जा. दुसरी, स्ट्रीमिंग. तिथल्या सेवा व्हीपीएनचे पत्ते ओळखतात आणि अडवतात, आणि देश बदलून बघणं त्यांच्या अटींत बसत नाही. आज चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही, आणि त्यात राउटरचा दोष नसतो.

राजारामपुरीत जुनं वाय-फाय तसंच ठेवलं, आईचा फोन, तिचं यूपीआय त्यावरच. नव्यावर फक्त पीएस ५ आणि बॉक्स. चार दिवसांनी त्या काकूंचा फोन आला, टीव्हीवर फोटो टाकता येत नाहीत म्हणून. त्यांचा फोन एका वाय-फायवर आणि बॉक्स दुसऱ्यावर, मग कास्टला टीव्ही दिसणार कुठून. त्यांना सांगितलं, फोटो दाखवायचे असतील तेव्हा वाय-फाय बदला. "त्यापेक्षा पाहुण्यांच्या हातातच फोन देते," म्हणाल्या.

तुझ्याकडे आधी ते दोन पिंग लाव आणि रात्री साडेदहाचे आकडे इथं टाक. राउटर घ्यायचा की नुसती केबल, ते त्यावर सांगतो.